विश्लेषण : शिवीगाळ करणाऱ्या ग्राहकाच्या ईमेलला उत्तर कसे द्यावे? माफी कशाची मागावी, कशाची मागू नये?

वीजबिलाच्या तक्रारीचा ईमेल ‘चोरांनो’ या शब्दाने सुरू झाला, की तो वाचणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे दोनच मार्ग दिसतात. एक, तितक्याच कडक भाषेत नियम ऐकवणे. दुसरा, प्रकरण मिटावे म्हणून न झालेली चूकही कबूल करून टाकणे. पहिल्या मार्गाने भांडण वाढते. दुसऱ्याने ते थोडे पुढे ढकलले जाते आणि परत येते तेव्हा कर्मचाऱ्याच्या सहीचा कागद सोबत घेऊन येते. या दोन्हींच्या मधला मार्ग आहे. तो समजून घेण्यासाठी २०२० च्या जून महिन्यातील वाढीव वीजबिलांइतके चांगले उदाहरण महाराष्ट्रात दुसरे सापडणार नाही.

जून २०२० मध्ये नेमके काय झाले होते?

टाळेबंदीमुळे महावितरणने २३ मार्च २०२० पासून घरोघरी जाऊन मीटरचे रीडिंग घेणे थांबवले. एप्रिल आणि मे महिन्यांची बिले सरासरीवर काढली गेली. ही सरासरी डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीच्या वापराची, म्हणजे थंडीची होती. जूनमध्ये रीडिंग पुन्हा सुरू झाले, तेव्हा उन्हाळ्याचा खरा वापर एकदम समोर आला. त्यातच १ एप्रिलपासून राज्य वीज नियामक आयोगाच्या आदेशानुसार नवे दर लागू झाले होते. हातात आलेले बिल नेहमीच्या कितीतरी पट होते आणि अनेकांचा रोजगार त्याच काळात गेलेला होता.

लोक संतापले, आणि त्या संतापात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या. ‘कोणी रीडिंगला आले नाही आणि एकदम एवढी रक्कम माथी मारली’ ही पहिली, आणि ती खरी होती. ‘तीन महिन्यांचे युनिट एका महिन्याचे धरून आम्हाला सर्वांत महाग स्लॅबमध्ये टाकले’ ही दुसरी. एकूण युनिट महिन्यांमध्ये विभागून प्रत्येक महिन्याला स्लॅबचा लाभ दिला आहे, असे महावितरणचे म्हणणे होते. बिल पडताळून पाहण्यासाठी संकेतस्थळावर सोयही केली होती. एखाद्या बिलात हे विभाजन खरोखर झाले आहे की नाही, हे आकडेमोड करून पाच मिनिटांत तपासता येत होते.

चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगरसारख्या ठिकाणी या रागाला आणखी एक पदर असतो. २,९२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र दारात आहे. कोळसा इथला, राख इथली, उकाडा इथला. मग बिल एवढे कशासाठी, हा प्रश्न इथल्या माणसाच्या तोंडी येणारच. वीज तयार करणारी महानिर्मिती आणि बिल पाठवणारे महावितरण या २००५ मध्ये वीज मंडळाच्या विभाजनातून झालेल्या दोन वेगळ्या कंपन्या आहेत, हे उत्तर बरोबर असले तरी त्याने कोणाचे समाधान होत नाही.

अशा ईमेलमध्ये काय काय असते?

समजा, ऊर्जानगर-दुर्गापूर परिसरातील एका ग्राहकाने जुलै २०२० मध्ये असा ईमेल लिहिला :

‘चोरांनो, तीन महिने एक माणूस मीटर बघायला आला नाही. एप्रिल-मेचे बिल मी वेळेवर भरले, ते पैसे कुठे गेले? आता तीन महिन्यांचे युनिट एका महिन्यात टाकून वरच्या स्लॅबने लुटता. तुमचा मीटरही पळतो. राख आम्ही खायची, वीज मुंबईला आणि बिल आमच्या बोकांडी. लाज असेल तर बिल दुरुस्त करा.’

घाईने वाचले तर यात फक्त शिव्या दिसतात. पेन्सिल घेऊन वाचले तर पाच विधाने सापडतात. तीन महिने रीडिंग झाले नाही. भरलेले पैसे वजा झाले नाहीत. स्लॅब चुकीचा लावला. मीटर जलद फिरतो. आणि वीज केंद्राचा त्रास आम्हाला, फायदा दुसऱ्यांना. यांतील प्रत्येक विधानापुढे तीनपैकी एक शेरा लिहायचा : खरे, खोटे किंवा अजून तपासलेले नाही.

हा तिसरा शेरा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच गाळला जातो. ‘मीटर पळतो’ हे खरे आहे की खोटे, हे कार्यालयात बसलेल्या माणसाला माहीत नसते. तरीही सवयीने उत्तर जाते, ‘आपला मीटर सुस्थितीत आहे.’ न तपासता केलेला हा नकार ग्राहकाच्या खोट्या विधानाइतकाच खोटा ठरू शकतो. ग्राहकालाही हे कळते, कारण त्याच्याकडे मीटर तपासायला कोणी आलेलेच नसते. अशा एका वाक्यामुळे पत्रातील बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

शिव्यांपुढे मात्र कोणताही शेरा लिहायचा नाही. त्यांना उत्तरही द्यायचे नाही. ‘आपली भाषा असभ्य आहे’ हे वाक्य खरे असले तरी त्यामुळे पुढचा ईमेल बिलाऐवजी भाषेवर येतो. अपवाद एकच. ईमेलमध्ये लाइनमनला किंवा रीडिंग घेणाऱ्याला मारहाणीची धमकी असेल, तर ती वेगळी काढून वरिष्ठांकडे द्यावी. बिलाच्या उत्तरात तिची सरमिसळ करू नये.

आधी आकडेमोड का करायची?

उत्तर लिहायला बसण्याआधी हिशोब करून पाहणे ही या कामातील पहिली पायरी आहे. कारण ग्राहक उर्मट असला म्हणजे तो चुकीचाच असतो, असे नाही. ४३१० हे रीडिंग ४८१० असे नोंदले गेले असेल, तर ५०० युनिट विनाकारण वाढतात. रीडिंगचा फोटो उघडून पाहिला की ते लगेच दिसते. तसे असेल तर सौम्य शब्द शोधत बसण्यात अर्थ नाही. चूक मान्य करायची, दुरुस्त बिल जोडायचे आणि विषय संपवायचा.

समजा, या ग्राहकाच्या बाबतीत फोटो आणि नोंद जुळते. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत एकूण वापर ६९० युनिट आहे. एप्रिल आणि मेची सरासरी बिले प्रत्येकी ९० युनिटची होती. आता दर सोपे करून घेऊ. पहिल्या १०० युनिटना ५ रुपये, १०१ ते ३०० ला ९ रुपये, ३०१ ते ५०० ला १२ रुपये आणि त्यापुढे १३ रुपये. हे हिशोबासाठी घेतलेले गोल आकडे आहेत. स्थिर आकार आणि वीज शुल्क यात धरलेले नाही.

६९० युनिट तीन महिन्यांत विभागले, की महिन्याला २३० येतात. त्यांतील पहिल्या १०० युनिटचे ५०० रुपये आणि उरलेल्या १३० युनिटचे १,१७० रुपये, म्हणजे महिन्याला १,६७० रुपये. तीन महिन्यांचे ५,०१० रुपये. यातून एप्रिल आणि मेमध्ये भरलेले प्रत्येकी ४५०, म्हणजे एकूण ९०० रुपये वजा केले, की ४,११० रुपये उरतात.

ग्राहक म्हणतो तसे सगळे युनिट एकाच महिन्यात टाकले असते, तर काय झाले असते? १०० युनिटचे ५००, पुढच्या २०० चे १,८००, त्यापुढच्या २०० चे २,४०० आणि शेवटच्या १९० चे २,४७०. एकूण ७,१७० रुपये. भरलेले ९०० वजा जाता ६,२७० रुपये.

आता बिलावरचा आकडा बघायचा. तो ४,११० च्या जवळ असेल, तर स्लॅबची तक्रार खोटी आहे आणि पैसे वजा झाले नाहीत ही तक्रारही खोटी आहे. तो ६,२७० च्या जवळ असेल, तर ग्राहक खरा आहे आणि त्याचे २,१६० रुपये परत करायचे आहेत. बिलाच्या बाजूने किंवा विरुद्ध कोणी कितीही आवाज चढवला, तरी निर्णय या दोन आकड्यांमधील फरकच करतो. म्हणून उत्तरात ‘नियमाप्रमाणे आकारणी योग्य आहे’ असा निष्कर्ष लिहून थांबू नये. दोन्ही बेरजा द्याव्यात. ग्राहकाला आपल्या शंकेची बेरीज कागदावर मांडलेली दिसली, की आपले म्हणणे कोणीतरी वाचले आहे याची त्याला खात्री पटते.

दोन चुकीची उत्तरे कोणती?

पहिले उत्तर सरकारी छापाचे असते. ‘आपणास कळविण्यात येते की, सदर बिल आयोगाच्या आदेशानुसार अचूक असून आपला गैरसमज झालेला आहे. लॉकडाऊन काळात आपण घरी असल्याने आपला वापर वाढला आहे. विहित मुदतीत बिल न भरल्यास वीजपुरवठा खंडित करण्यात येईल.’

या उत्तरातील हिशोब कदाचित बरोबर असेल. तरीही ते आगीत तेल ओतते, आणि त्याची कारणे शब्दांत सापडतात. ‘कळविण्यात येते’ या रचनेत बोलणारा माणूसच नाही. ग्राहकाला भिंतीशी बोलल्यासारखे वाटते. ‘आपला गैरसमज’ म्हटले की दोष त्याच्या डोक्यावर येतो. ‘आपण घरी असल्याने वापर वाढला’ हा कार्यालयाचा अंदाज आहे, त्याचा पुरावा पत्रात नाही. शिवाय तो माणूस त्या काळात घरी नसून केंद्रात पाळीवर गेलेला असू शकतो. मग त्या एका चुकीच्या अंदाजावर पुढचे चार ईमेल येतात. शेवटच्या धमकीची तर गरजच नव्हती. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडायचा असेल, तर १५ दिवसांची स्वतंत्र लेखी नोटीस द्यावी लागते. तक्रारीच्या उत्तरात टाकलेल्या वाक्याने ते काम होत नाही. झालाच तर वाद वाढतो.

दुसरे उत्तर गोड असते. ‘झालेल्या चुकीबद्दल आम्ही मनापासून क्षमस्व आहोत. आपल्या बिलात नक्कीच दुरुस्ती करून देऊ. कृपया सहकार्य करावे.’ हे वाचून ग्राहक त्या दिवशी शांत होतो. पण चूक कोणती? दुरुस्ती किती रुपयांची? पंधरा दिवसांनी तेच ४,११० रुपयांचे बिल थकबाकी म्हणून परत येते आणि आता ग्राहकाच्या हातात ‘चूक झाली’ असे लेखी आहे. तक्रार निवारण मंचासमोर तो हाच ईमेल ठेवणार. त्याने तसे करणे गैरही नाही. ज्या संस्थेने चूक मान्य केली, तिने ती दुरुस्त का केली नाही, हा प्रश्न रास्तच ठरतो.

राज्याच्या पातळीवरही २०२० मध्ये हेच घडले. वाढीव बिलांवरून असंतोष असताना तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी दिवाळीच्या सुमारास ग्राहकांना दिलासा मिळेल असे संकेत दिले होते. नोव्हेंबरमध्ये मात्र वापरलेल्या विजेचे बिल भरावेच लागेल, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर विरोधी पक्ष रस्त्यावर उतरले आणि ठिकठिकाणी बिलांची होळी झाली. सवलत द्यावी की नाही यावर दोन मते असू शकतात. पण जी द्यायची निश्चिती नाही, तिची आशा दाखवून मिळवलेली शांतता टिकत नाही, एवढे त्या काही महिन्यांनी दाखवून दिले.

मग माफी मागायचीच नाही का?

मागायची, पण जे घडले त्याची. मराठीत यासाठी नेमके शब्द आहेत. ‘त्रास झाला’ आणि ‘चूक झाली’ ही दोन वेगळी विधाने आहेत. रीडिंग तीन महिने झाले नाही, हे खरे आहे. नेहमी साडेचारशे रुपये भरणाऱ्या माणसापुढे एकदम चार हजारांची रक्कम आली आणि ती का आली हे आधी त्याला कोणी समजावले नाही, हेही खरे आहे. त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करताना हातचे राखायचे कारण नाही. रीडिंग टाळेबंदीमुळे थांबले होते हे कारण सांगता येईल. पण ते दिलगिरीच्या आधी सांगू नये, नाहीतर ती सबब वाटते.

स्लॅब चुकीचा लागलेला नाही, त्यामुळे त्याची माफी मागायची नाही. आणि या दोन गोष्टी ‘पण’ किंवा ‘मात्र’ने जोडायच्या नाहीत. ‘आपल्याला त्रास झाला याचे वाईट वाटते, मात्र बिल बरोबर आहे’ या वाक्यात ‘मात्र’च्या आधीचे सगळे पुसले जाते. दिलगिरीचे वाक्य पूर्णविरामाने संपवावे आणि हिशोब नव्या परिच्छेदात सुरू करावा.

खोटे विधान नाकारतानाही ‘नाही’ने सुरुवात करण्याऐवजी काय केले गेले, ते सांगावे. ‘आपण म्हणता ते चूक आहे’ आणि ‘६९० युनिट तीन महिन्यांत विभागले आहेत, हिशोब खाली दिला आहे’ या दोन वाक्यांचा अर्थ एकच. दुसऱ्या वाक्यात मात्र ग्राहकाला मान खाली घालावी लागत नाही. त्याला माघार घ्यायची असेल, तर वाट मोकळी राहते. रागावलेला माणूस ज्याच्यासमोर शिव्या दिल्या त्याच्यासमोर ‘माझे चुकले’ असे सहसा म्हणत नाही. तो गप्प होतो आणि बिल भरतो. उत्तर लिहिणाऱ्याने तेवढ्यावर समाधान मानायला हवे.

बरोबर उत्तर कसे दिसेल?

त्याच ईमेलला असे उत्तर देता येईल :

‘नमस्कार. आपला ईमेल वाचला. मार्चनंतर जूनपर्यंत आपल्या मीटरचे रीडिंग झाले नाही, हे खरे आहे. त्यामुळे तीन महिन्यांचा फरक एकाच बिलात आला आणि तो का आला हे आपल्याला आधी सांगितले गेले नाही. या त्रासाबद्दल दिलगीर आहे.

आपल्या बिलाचा हिशोब मी पुन्हा करून पाहिला. तीन महिन्यांचा वापर ६९० युनिट, म्हणजे महिन्याला २३०. प्रत्येक महिन्याला पहिल्या १०० युनिटचा कमी दर वेगळा लावला आहे. एकूण ५,०१० रुपये होतात. एप्रिल आणि मेमध्ये आपण भरलेले ९०० रुपये त्यातून वजा केले असून बिलावर ४,११० रुपये आहेत. सर्व युनिट एका महिन्याचे धरले असते, तर हीच रक्कम ६,२७० रुपये आली असती. गेल्या वर्षी याच तीन महिन्यांत आपला वापर ६८० युनिट होता. रीडिंगचा फोटो सोबत जोडला आहे. फोटोतील आकडा मीटरवरच्या आकड्याशी जुळत नसेल, तर कृपया कळवा.

मीटर जलद फिरतो की नाही, हे तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही. १५ जुलैला सकाळी कर्मचारी तपासणीसाठी येईल. तपासणी आपल्यासमोरच होईल. दोष आढळला तर बिल त्याप्रमाणे बदलेल.

वीज केंद्राजवळ राहणाऱ्यांना राखेचा त्रास होतो, ही आपली तक्रार गंभीर आहे. तिचा निर्णय या कार्यालयाच्या हातात नाही. विजेचे दर आयोग ठरवतो, ते महावितरणच्या सर्व घरगुती ग्राहकांना सारखे आहेत.

बिल तीन हप्त्यांत भरता येईल. पूर्ण रक्कम एकदम भरल्यास दोन टक्के सूट आहे. हा हिशोब मान्य नसेल, तर आपण ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाऊ शकता.’

हे उत्तर कशामुळे काम करते, ते क्रमात दिसते. सुरुवात ग्राहकाच्या खऱ्या मुद्द्याने होते, त्यामुळे तो पुढे वाचतो. गेल्या वर्षीचा आकडा त्याच्याच जुन्या बिलांतला असल्याने ‘तुम्ही कूलर जास्त चालवला’ असे म्हणावे लागत नाही. मीटरबाबत अज्ञान मान्य केले आहे आणि त्यासोबत तारीख दिली आहे. तीन हप्ते आणि दोन टक्के सूट या सवलती त्या वेळी खरोखर जाहीर झाल्या होत्या. त्यामुळे हे आश्वासन लिहिणाऱ्याच्या मनचे नाही. आणि शेवटी मंचाचा रस्ता धमकीला उत्तर म्हणून न येता ग्राहकाचा हक्क म्हणून येतो.

राखेचा परिच्छेद अनेक कार्यालये गाळतील, कारण तो ‘आपला विषय नाही’. ऊर्जानगरच्या ग्राहकासाठी मात्र रागाचे मूळ कदाचित तिथेच असते. त्याचा त्रास मान्य करण्याने बिलातील एक रुपयाही कमी होत नाही, आणि तो न मान्य केला तर बाकीचे पत्र त्याला पोकळ वाटते.

ग्राहक स्वतः काय तपासू शकतो?

कर्मचारी तपासणी करेल यावर रागावलेला ग्राहक सहज विश्वास ठेवत नाही. म्हणून त्याला घरीच करता येईल अशी एखादी चाचणी सांगणे उपयोगी पडते. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकतो आणि जवळ imp/kWh असे लिहून आकडा दिलेला असतो. तो ३२०० असेल, तर एका युनिटमागे दिवा ३२०० वेळा लुकलुकतो.

घरातील मेन स्विच बंद केल्यावर हे लुकलुकणे थांबायला हवे. थांबले नाही, तर वायरमनकडून जोडणी तपासून घ्यावी. थांबले, तर बाकी सगळे बंद ठेवून पाणी तापवायची १००० वॉटची रॉड पाण्यात सोडावी आणि सहा मिनिटे चालू ठेवावी. त्या पाण्याला हात लावू नये. सहा मिनिटांत एक दशांश युनिट जळते, म्हणजे दिवा साधारण ३२० वेळा लुकलुकायला हवा. व्होल्टेज कमी-जास्त असेल तर आकड्यात काही फरक पडतो. तो दीडपट किंवा दुप्पट आला, तर तक्रारीत दम आहे. ही चाचणी प्रयोगशाळेची जागा घेत नाही. पण ‘पळतो’ या शब्दाच्या जागी ती एक आकडा आणून ठेवते, आणि आकड्यावर दोन्ही बाजूंना शांतपणे बोलता येते.

उत्तरानंतरही शिव्या आल्या तर?

काही वेळा येतात. त्यात नवा मुद्दा असेल, तर त्यालाच उत्तर द्यावे. जुनेच मुद्दे असतील, तर हिशोब पुन्हा लिहू नये आणि आधीचा बदलूही नये. ‘हिशोब पूर्वीच्या ईमेलमध्ये दिला आहे, तो कायम आहे. मीटर तपासणी १५ जुलैला आहे,’ एवढे पुरे. तिसऱ्या ईमेलला कंटाळून दोनशे-चारशे रुपये कमी करून देण्याचा मोह टाळावा. आरडाओरडा केला की रक्कम कमी होते, हे एकदा शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळले, की गप्प राहून बिल भरणारा माणूस मूर्ख ठरतो.

वाद कायम राहिला तरी ग्राहक अडकून पडत नाही. कलम ५६ मध्येच अशी सोय आहे की, वादातील पूर्ण रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीवर निघणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरल्यास वादाचा निकाल लागेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. मंचाचा निर्णय पटला नाही, तर पुढे विद्युत लोकपाल आहेत. त्यांचे एक कार्यालय नागपूरला आहे. उत्तर लिहिणाऱ्याने हे सांगायला कचरू नये. ज्याचा हिशोब बरोबर आहे, त्याला तो मंचासमोर मांडायला भीती नसते.

या पद्धतीला मर्यादाही आहे. ज्याच्याकडे भरायला पैसेच नाहीत, त्याला बेरीज पटून उपयोग नसतो. त्याचा प्रश्न सवलतीचा आहे आणि तो सरकारने सोडवायचा असतो. टेबलावरच्या कर्मचाऱ्याने तो आपल्या शब्दांनी सोडवण्याचा आव आणला, की पुन्हा खोटी आशा तयार होते. अशा वेळी हप्ते किती मिळतील आणि त्यापलीकडे आपल्या हातात काय नाही, हे स्पष्ट सांगणेच त्या माणसाच्या सोयीचे आहे.

वाईट उत्तराची किंमत बहुतेक वेळा ते लिहिणारा चुकवत नाही. ईमेलमध्ये ‘गैरसमज’ असे लिहिणारा कार्यालयात बसलेला असतो. ‘नक्की दुरुस्ती करू’ असे लिहिणाऱ्याची बदली झालेली असते. थकबाकीची यादी घेऊन दारात उभा राहतो तो लाइनमन, आणि त्या दोन्ही वाक्यांचा राग त्याच्यावर निघतो. उत्तरात सौम्य शब्द आणि पक्का आकडा दोन्ही का हवेत, याचे कारण त्या दारात आहे.